दुपारी चार्ज घेतं, सकाळी नाकारतं: सोलर पॅनेल आणि पॉवर स्टेशनच्या व्होल्टेजचा हिशेब

थंडी सुरू झाली की सातारा, जावळी, पाटण भागातून एकाच प्रकारची तक्रार माझ्याकडे वारंवार येते. पोर्टेबल पॉवर स्टेशन पावसाळ्याआधी घेतलेलं असतं, मे महिन्यात सोलर पॅनेलवर ते छान चार्ज होत असतं, आणि डिसेंबर उजाडला की सकाळी प्लग लावल्यावर स्क्रीनवर शून्य वॅट किंवा एरर दिसतो. दुपारी पुन्हा लावलं तर चालतं. मग कधी केबलवर संशय येतो, कधी बॅटरीवर, आणि बऱ्याच जणांना वाटतं की मशीनच खराब निघालं. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. पॅनेल आणि पॉवर स्टेशन या दोघांचं व्होल्टेज काठावर जुळवलेलं असतं आणि थंडी त्याला काठाबाहेर ढकलते.

बामणोलीजवळच्या एका खानावळीतलं उदाहरण घेऊन हे सविस्तर सांगतो. वासोट्याला जाणारे ट्रेकर पहाटेच येतात, चहा-पोहे खातात आणि शिवसागर जलाशयातून बोटीने पलीकडे जातात. खानावळ चालवणाऱ्या काकूंकडे साधारण एक युनिट क्षमतेचं पॉवर स्टेशन आहे. लाईट गेली की दिवे, वायफाय, ट्रेकर्सच्या मोबाईलचं चार्जिंग असं सगळं त्यावर चालतं. पत्र्याच्या छपरावर ५४५ वॅटचं एक मोठं पॅनेल आहे. जावयांच्या शेतातल्या कामातून ते उरलं होतं, म्हणून इथे आणून बसवलं. पत्र्याचा उतार पूर्वेकडे आहे.

काकूंची तक्रार अशी: "कधी सकाळी घेतंय, कधी घेत नाही. दुपारी मात्र हमखास घेतंय. वायरमन येऊन कनेक्टर बदलून गेला, तरी तेच."

'कधी घेतंय, कधी नाही' हा भाग नीट ऐकण्यासारखा आहे. वायर तुटलेली असती किंवा प्लस-मायनस उलटं असतं तर ते कधीच चाललं नसतं. ठरावीक वेळी चालतं आणि ठरावीक वेळी नाही, याचा अर्थ वेळेबरोबर काहीतरी बदलतंय. पॅनेलच्या बाबतीत दिवसभरात दोन गोष्टी बदलतात, ऊन आणि पॅनेलचं तापमान.

आधी पॉवर स्टेशनच्या मागच्या बाजूला छापलेलं पाहिलं. सोलर इनपुटपुढे १२ ते ५० व्होल्ट, १० अँपिअर, जास्तीत जास्त ४०० वॅट असं लिहिलेलं होतं. मग शिडी लावून पॅनेलच्या पाठीवरचं लेबल वाचलं. Voc ४९.८ व्होल्ट, Vmp साधारण ४१.५ व्होल्ट, Isc १३.९ अँपिअर.

यातला Voc म्हणजे पॅनेलला काहीही जोडलेलं नसताना त्याच्या दोन टोकांवर मिळणारं व्होल्टेज. Vmp म्हणजे पॅनेल जास्तीत जास्त वॅट देत असतं तेव्हाचं व्होल्टेज. Isc म्हणजे दोन टोकं थेट जोडली तर पॅनेलमधून वाहणारा करंट. पॉवर स्टेशन चार्ज होत असताना पॅनेल Vmp च्या आसपास काम करतं, म्हणजे इथे चाळीस-बेचाळीसला. पण प्लग खोचला त्या क्षणी पॉवर स्टेशनने अजून करंट ओढायला सुरुवात केलेली नसते. त्या क्षणी त्याच्या तोंडावर येतं ते पूर्ण Voc. पॉवर स्टेशनमधला कंट्रोलर पहिल्यांदा हेच व्होल्टेज तपासतो. ते १२ ते ५० व्होल्टच्या खिडकीत असेल तर पुढे जातो, नसेल तर दार बंद करतो.

बसवणाऱ्याने ४९.८ हे ५० पेक्षा कमी आहे एवढं पाहिलं आणि जोडून दिलं. कागदावर ते बरोबर दिसतं. अडचण अशी की लेबलवरचे हे आकडे पॅनेलमधले सेल २५ अंश सेल्सिअसवर असताना, १००० वॅट प्रति चौरस मीटर उजेडात, प्रयोगशाळेत मोजलेले असतात. सिलिकॉन सेल गार झाला की त्याचं व्होल्टेज वाढतं आणि तापला की घटतं. हल्लीच्या मोनो पॅनेलमध्ये हा बदल दर अंशाला साधारण ०.२७ टक्के असतो. जुन्या पॉली पॅनेलमध्ये तो ०.३० टक्क्यांच्या आसपास धरतात. नेमका आकडा पॅनेलच्या डेटाशीटवर असतो आणि त्याच्यापुढे वजा चिन्ह असतं.

हिशेब अगदी सरळ आहे:

```
गार पॅनेलचा Voc = लेबलवरचा Voc × (१ + ०.००२७ × (२५ − सेलचं तापमान))
१० अंशाला : ४९.८ × १.०४०५ = ५१.८ व्होल्ट
४५ अंशाला : ४९.८ × ०.९४६  = ४७.१ व्होल्ट
```

म्हणजे दहा अंशावर, भरपूर उन्हात, हेच पॅनेल जवळजवळ ५२ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. दुपारी सेल ४५ अंशावर पोचले की तेच ४७ वर येतं आणि खिडकीत आरामात बसतं. इथपर्यंतचं बरेच जण सांगतात. पण काकूंच्या 'कधी घेतंय, कधी नाही' चं उत्तर एवढ्याने मिळत नाही. थंडी रोजच असते, मग काही सकाळी ते का चालायचं?

ते पाहण्यासाठी सकाळी लवकर जाऊन, पॉवर स्टेशन सोडवून, फक्त पॅनेलवर मल्टिमीटर लावून बसलो. साडेसातच्या सुमाराला जलाशयावर दाट धुकं होतं आणि मीटरवर ४५ च्या आसपास व्होल्ट होते. गारठा भरपूर, तरीही व्होल्टेज कमी. कारण उजेडच अंधूक होता. उजेड कमी असला तर Voc थोडं खाली राहतं. खूप नाही, पण एवढ्या मोठ्या पॅनेलमध्ये चार-पाच व्होल्टचा फरक सहज पडतो. पावणेनऊच्या आत धुकं फाटलं आणि पूर्वेच्या उतारावर सरळ ऊन आलं. पॅनेल अजून दव पडल्यासारखं गार होतं. मीटर चढत चढत ५०.६ वर गेला. पाव तासात पॅनेल तापलं आणि आकडा ४९ च्या खाली उतरला. दहानंतर तो ४६.७ च्या आसपास स्थिर होता.

म्हणजे धोक्याचा काळ अख्खी सकाळ नव्हती. गार पॅनेलवर अचानक लख्ख ऊन पडतं ती दहा-पंधरा मिनिटं एवढाच तो काळ होता. आणि काकूंचा दिनक्रम नेमका त्याच वेळेला येऊन मिळत होता. ट्रेकर बोटीत बसून गेले, भांडी आवरली, की साडेआठ-पावणेनऊला त्या पॉवर स्टेशनचा प्लग लावायच्या. ज्या दिवशी धुकं जास्त वेळ रेंगाळलं त्या दिवशी व्होल्टेज कमी, म्हणून ते घ्यायचं. ज्या दिवशी धुकं लवकर उडालं त्या दिवशी नकार.

यात आणखी एक पेच होता. एकदा चार्जिंग सुरू झालं की पॉवर स्टेशन करंट ओढतं आणि पॅनेलचं व्होल्टेज चाळिशीत उतरतं. त्यानंतर ऊन कितीही वाढलं तरी ते ५० कडे जात नाही. म्हणून साडेसातला धुक्यातच प्लग लावलेल्या दिवशी दिवसभर काही त्रास नव्हता. उलट नकाराच्या दिवशी हे मॉडेल एरर धरून बसायचं. व्होल्टेज खाली आल्यावरही प्लग काढून पुन्हा लावल्याशिवाय ते परत प्रयत्नच करत नव्हतं. काही मॉडेल थोड्या वेळाने आपोआप पुन्हा तपासतात, काही तपासत नाहीत. त्यामुळे सकाळी पावणेनऊला लावलेलं दुपारी एकला पाहिलं तरी शून्य, आणि काढून लावलं की लगेच सुरू. एवढं पाहिल्यावर कोणालाही कनेक्टर ढिला आहे असंच वाटेल. वायरमनलाही तेच वाटलं, त्यात त्याची काही चूक नाही.

तुमच्याकडे असाच त्रास असेल तर तपासायची पद्धत ही. पॉवर स्टेशनपासून पॅनेलची केबल सोडवा. चार्जिंग चालू असताना पॅनेलचे एमसी-४ कनेक्टर कधीही ओढून काढू नका. डीसी करंट तुटताना ठिणगी पडते आणि ती एसीसारखी लगेच विझत नाही. आधी पॅनेल जाड, अपारदर्शक कापडाने किंवा पुठ्ठ्याने झाका, मग कनेक्टर काढा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या किंवा त्याहून वरच्या रेंजवर ठेवा. लाल प्रोब प्लसवर, काळा मायनसवर. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर केबलमध्ये किंवा ॲडॅप्टरमध्ये प्लस-मायनस उलटं आहे. एमसी-४ वरून पॉवर स्टेशनच्या पिवळ्या एक्सटी-६० किंवा गोल पिनवर जाणारे जे तयार ॲडॅप्टर बाजारात मिळतात, त्यांत हा घोटाळा कधीकधी आढळतो. म्हणून माप पॅनेलजवळही घ्या आणि ॲडॅप्टरच्या शेवटच्या टोकावरही घ्या. मीटरचा लाल प्रोब अँपिअरच्या भोकात राहिला नाही ना, ते लावण्यापूर्वी बघा. तसं असेल तर मीटरमधूनच शॉर्ट होतो.

माप एकदा घेऊन भागत नाही. दुपारी मोजलं तर सगळं ठीकच दिसणार. आकाश निरभ्र असलेल्या थंड सकाळी, पॅनेलवर पहिलं थेट ऊन पडेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं मीटर लावून ठेवा आणि सगळ्यात वरचा आकडा टिपून घ्या. आपल्याला तुलना त्याच आकड्याशी करायची आहे. पावसाळ्यातही अशी वेळ येते. सर थांबते, पॅनेल ओलं आणि गार असतं, आणि ढगांच्या कडेतून एकदम तीव्र ऊन पडतं. ढगाची कडा सूर्याच्या अगदी जवळ असेल तर उजेड काही क्षण नेहमीच्या भर उन्हापेक्षाही जास्त होतो. पण तेव्हा हवा थंडीइतकी गार नसते, म्हणून उडी थोडी लहान असते.

आता उपायांकडे येतो. काकूंच्या इथे सगळ्यात आधी जो उपाय सुचवला गेला होता, तो म्हणजे मालिकेत दोन-तीन डायोड टाकून व्होल्टेज खाली आणायचं. हा उपाय चालत नाही. डायोडवर ०.७ व्होल्ट पडतं ते करंट वाहत असताना. पॉवर स्टेशन पहिली तपासणी करतं तेव्हा करंट जवळजवळ शून्य असतो आणि त्या वेळी डायोडवर फारच थोडं पडतं. नेमकं हवं तिथे ते मदत करत नाहीत. आणि चार्जिंग चालू झाल्यावर मात्र दहा अँपिअरला प्रत्येक डायोड सात वॅट उष्णता करत बसतो. लांब, बारीक केबल टाकून व्होल्टेज पाडण्याची कल्पनाही याच कारणाने फसते. करंट नाही तर केबलमध्ये घटही नाही.

दुसरी सूचना येते ती मध्ये स्टेप-डाउन कन्व्हर्टर टाकण्याची. पॉवर स्टेशनमधला एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलकडून जास्तीत जास्त वॅट मिळतील असा बिंदू शोधण्यासाठी व्होल्टेज सतत थोडं हलवून पाहत असतो. मधला कन्व्हर्टर मात्र स्वतःचं आउटपुट व्होल्टेज स्थिर धरून ठेवायचा प्रयत्न करतो. दोघांचं एकमेकांशी जमत नाही. ऊन भरपूर असेपर्यंत ते चालतं, ढग आला की कन्व्हर्टरचं इनपुट कोसळतं, सगळं बंद पडतं, पुन्हा चालू होतं, आणि हे दिवसभर चालत राहतं. मी हे कोणाला सुचवत नाही.

'रोज दहानंतरच लावा' हा तिसरा उपाय. तो वापरून काकू दोन पैसे खर्च न करता थंडी काढू शकल्या असत्या. पण यात मला भरवसा वाटत नाही. घरात दुसरं कोणी चुकून लवकर लावेल. बॅटरी आदल्या दिवसापासून पूर्ण भरलेली असेल तर पॉवर स्टेशन करंट ओढणंच थांबवतं, म्हणजे प्लग लावलेला असूनही पॅनेल पूर्ण Voc वर जाऊन बसतं. अशा वेळी थंड सकाळी, पॅनेल तापेपर्यंत, ५० व्होल्टच्या इनपुटवर ५१ व्होल्ट दहा-पंधरा मिनिटं राहू शकतात. कंट्रोलर दार बंद करतो हे खरं, पण दार बंद केलं तरी व्होल्टेज दाराबाहेर उभंच असतं. इनपुटवरचे कपॅसिटर आणि मॉसफेट एका मर्यादेपर्यंतच ते सोसतात. अर्ध्या-एक व्होल्टने लगेच काही जळत नाही, कारण बनवणारे थोडी मोकळीक ठेवतात. पण ती मोकळीक किती, हे लिहून दिलेलं नसतं. आणि इनपुट मर्यादेबाहेरच्या व्होल्टेजने पोर्ट जळाला तर वॉरंटीत तो सहसा बसत नाही.

खरा उपाय पॅनेल बदलण्याचाच आहे. मी वापरतो तो नियम असा: पॅनेलच्या लेबलवरच्या Voc मध्ये दहा टक्के मिळवा, आणि ती बेरीज पॉवर स्टेशनच्या वरच्या मर्यादेच्या आत बसली पाहिजे. दहाच टक्के का? थंडीचे चार-पाच टक्के होतात. लेबलवर बहुधा 'अधिक-उणे ३ टक्के' अशी सूटही छापलेली असते, म्हणजे ४९.८ चं पॅनेल मुळातच ५१ च्या पुढचं निघू शकतं. उरलेलं कंट्रोलरच्या मोजण्यातल्या फरकासाठी. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठतात. तिथे बसवताना ही दहा टक्के मी अजिबात कमी करत नाही. तळात, कृष्णाकाठी, सांगली-मिरजेकडे एवढी थंडी नसते, पण तिथेही आठ टक्क्यांखाली जाऊ नये असं माझं मत आहे.

या नियमाने ५० व्होल्टच्या पॉवर स्टेशनला ४५ व्होल्टपर्यंतचं Voc चालतं. त्यात दोन पर्याय सहज मिळतात. एक, छतावर लावतात तशाच पण लहान, १०८ अर्धसेलांच्या पॅनेलचा. याचं Voc साधारण ३७ व्होल्ट असतं आणि वॅट ४०० च्या आसपास. दुसरा, साध्या '१२ व्होल्ट' म्हणून मिळणाऱ्या छत्तीस सेलांच्या दोन पॅनेलचा. अशा एका पॅनेलचं Voc २२ ते २२.५ असतं, म्हणून दोन सीरिजमध्ये जोडली तर ४५ च्या आत बसतात. तिसरं सीरिजमध्ये जोडायचं नाही, ते ६७ वर जातं आणि मर्यादा थंडीशिवायच ओलांडते. '१२ व्होल्ट' हे नाव १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारं पॅनेल अशा अर्थाचं आहे. त्याच्या टोकांवर १२ व्होल्ट असतात असं समजून चार पॅनेल सीरिजमध्ये जोडलेले लोकही मला भेटलेत.

काकूंनी पहिला पर्याय घेतला, कारण पत्र्यावर एकच चौकट बसवणं सोपं होतं. नवं पॅनेल ४१० वॅटचं, Voc ३७.३ आणि Isc १३.९ अँपिअर. मागचा विक्रेता त्यांना म्हणाला होता की १० अँपिअरच्या इनपुटला १३ अँपिअरचं पॅनेल लावलं तर मशीन जळेल. ही भीती बऱ्याच जणांना असते, म्हणून इथे थोडं थांबतो.

व्होल्टेज पॅनेल ठरवतं, ते समोर येऊन उभं राहतं. करंट मात्र पॉवर स्टेशन मागेल तेवढाच वाहतो. १३ अँपिअर देऊ शकणाऱ्या पॅनेलमधून १० अँपिअरचा कंट्रोलर १० च घेतो आणि बाकीचं ऊन पॅनेलमध्येच उष्णता म्हणून राहतं. बहुतेक एमपीपीटी कंट्रोलर असेच वागतात. मॅन्युअलमध्ये Isc ची वेगळी कमाल मर्यादा दिलेली असेल तर मात्र ती पाळलीच पाहिजे, कारण काही मॉडेल जास्त Isc दिसल्यावर थेट एरर देतात. काकूंच्या मॉडेलमध्ये तशी अट नव्हती. नव्या पॅनेलवर दुपारी ३०० च्या वरखाली वॅट दिसतात. छापील ४१० पेक्षा हे कमी आहे. यात थोडं दहा अँपिअरच्या मर्यादेमुळे जातं आणि बाकीचं तापलेल्या पॅनेलमुळे तसंही गेलं असतं. जुन्या ५४५ वॅटच्या पॅनेलवरही त्यांना ४०० च्या वर कधी मिळणार नव्हतं, पॉवर स्टेशनची मर्यादाच तेवढी आहे. थंड सकाळी नव्या पॅनेलचं सगळ्यात वरचं व्होल्टेज ३८.५ च्या आतच राहिलं. आता प्लग कायम लावलेला असतो. जुनं पॅनेल जावयांनी परत शेतावर नेलं.

खिडकीच्या दुसऱ्या काठावरही असाच त्रास होतो आणि तो मला सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडून, जत-कवठेमहांकाळच्या बाजूने जास्त ऐकायला मिळतो. तिथे काळ नेमका उलटा असतो. सकाळी चार्ज घेतं आणि एप्रिल-मेच्या भर दुपारी बंद पडतं.

मोठ्या पॉवर स्टेशनवर कधीकधी उच्च व्होल्टेजचा वेगळा सोलर पोर्ट असतो, उदाहरणार्थ ३० ते १५० व्होल्टचा. त्यावर १२ व्होल्टवाली दोन पॅनेल सीरिजमध्ये लावली की Voc ४४ दिसतं आणि सगळ्यांना वाटतं की ३० च्या बऱ्याच वर आहोत. पण काम चालतं ते Vmp वर, आणि ते दोन पॅनेलचं मिळून ३६ च्या आसपास असतं. उष्णतेने Vmp घटतं ते Voc पेक्षाही थोडं जास्त वेगाने, दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४० टक्के. जतच्या उन्हात, वारा नसताना, पत्र्याला चिकटून लावलेल्या पॅनेलमधले सेल ७० अंशावर जातात. ४५ अंशाच्या फरकाला १८ टक्के धरले तर ३६ चे साडेएकोणतीस होतात. त्यात लांब केबलची घट मिळवा. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, एका बाजूने ३० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, दहा अँपिअरला जवळजवळ पावणेतीन व्होल्ट खाते. कंट्रोलरपाशी २७ च पोचतात आणि तो बंद होतो. बंद होताच करंट थांबतो, व्होल्टेज पुन्हा चाळिशीजवळ जातं, कंट्रोलर पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा कोसळतो. स्क्रीनवर वॅटचा आकडा दर काही सेकंदांनी उगवतो आणि शून्य होतो. ही चढ-उतार दिसली की समजायचं, प्रश्न खालच्या काठाचा आहे. नुसतं सोडवून मीटर लावलं तर काहीच कळणार नाही, कारण सोडवलेल्या पॅनेलवर व्होल्टेज व्यवस्थितच दिसतं.

इथे उपाय सोपा आहे, कारण वर भरपूर जागा मोकळी आहे. सीरिजमध्ये तिसरं किंवा चौथं तसंच पॅनेल जोडायचं. चार पॅनेलचं Voc ९० आणि भर उन्हातलं Vmp ५९ च्या आसपास, दोन्ही काठांपासून लांब. पॅनेल पत्र्यापासून चार बोटं वर उचलून बसवली की खालून हवा खेळते आणि तापमानही उतरतं. मात्र जोडण्याआधी तो पोर्ट खरंच १५० व्होल्टचा आहे याची खात्री करा. शेजारीच ६० व्होल्टवाला दुसरा पोर्ट असतो आणि काही मॉडेलमध्ये दोघांचे कनेक्टर सारखेच दिसतात.

व्होल्टेज सगळ्या वेळी खिडकीत आहे आणि तरीही चार्ज घेत नाही, असं असेल तर दोन-तीन गोष्टी पटकन पाहून घ्या. बॅटरी भरलेली नाही ना. पॉवर स्टेशन उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं नाही ना, कारण लिथियम बॅटरी ४०-४५ अंशाच्या पुढे गेली की बहुतेक मशीन चार्जिंग थांबवतात. आणि सोलर व कार चार्जिंगचा पोर्ट एकच असेल तर सेटिंग चुकून 'कार' वर राहिलेलं नाही ना.

एवढं करूनही शून्यच असेल, तर गाडीच्या लायटर सॉकेटमधून त्याच पोर्टला चार्जिंग लावून पाहा. गाडीतून बारा-तेरा व्होल्ट येतात, आणि तुमच्या पोर्टची खिडकी ११-१२ पासून सुरू होत असेल तर ते घेतलं पाहिजे. गाडीतून घेतलं तर पोर्ट आणि कंट्रोलर जिवंत आहेत, दोष पॅनेलच्या बाजूला शोधा. भिंतीवरच्या सॉकेटमधून चार्ज होतं, पण गाडीतूनही नाही आणि पॅनेलवरूनही नाही, तर आतला डीसी इनपुट गेला आहे. तो बाहेरून दुरुस्त होत नाही. सर्व्हिस सेंटरला पाठवताना पॅनेलच्या लेबलचा फोटो आणि थंड सकाळी मोजलेला सगळ्यात वरचा आकडा सोबत द्या, म्हणजे काय बदलायचं हे त्यांना तपासण्याआधीच कळेल आणि दुरुस्त होऊन आलेलं मशीन परत त्याच पॅनेलला जोडलं जाणार नाही.